पांढरा चट्टा, वर कोंडा, कडेने पुरळ: ही नोंद पुन्हा कशी लिहायची?

प्रश्न: मी ग्रामीण भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. त्वचेच्या रुग्णांच्या माझ्या नोंदी वाचून तज्ज्ञ दर वेळी फोन करतात आणि तेच ते विचारतात. कालचीच नोंद बघा: "पुरुष, ३४. डाव्या हाताला पांढरा चट्टा, वर कोंडा, कडेने लालसर पुरळ. पाठीवर पण एक-दोन. खाज नाही. ५-६ महिने. मलम लावून फरक नाही. नायटा?" हे शास्त्रीय शब्दांत आणि ठरावीक क्रमाने कसं लिहायचं?

उत्तर:

डॉक्टर, ही नोंद नुसती टेबलावर बसून शास्त्रीय करता येणार नाही. 'चट्टा' या शब्दाला एकच शास्त्रीय प्रतिशब्द असता तर ते जमलं असतं. पण आपल्याकडे कोडाचा डाग चट्टा असतो, सोरायसिसचा जाड थर चट्टा असतो आणि अंगावर पित्त उठलं तरी 'चट्टे आले' असंच म्हणतात. पहिला मॅक्यूल किंवा पॅच, दुसरा प्लाक, तिसरा व्हील. तुमचा नेमका कुठला, हे फक्त त्या माणसाच्या हातावर बोट फिरवून कळेल.

कागदावरून जेवढं प्रामाणिकपणे लिहिता येतं ते एवढंच: "डाव्या हातावर एक आणि पाठीवर एक किंवा दोन फिकट लिजन, नेमकी जागा, उठाव, आकारमान, कड, केस आणि संवेदना नोंदलेल्या नाहीत." या रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवा. त्या अंदाजाने भरायचा मोह फार होतो, आणि सगळ्यात आधी घुसतो तो 'वेल-डिफाइंड' हा शब्द, कारण पुस्तकातलं प्रत्येक वर्णन त्यानेच सुरू होतं. कड न पाहता लिहिलेला 'वेल-डिफाइंड' तज्ज्ञाची दिशाभूल करतो. 'कड पाहिली नाही' असं लिहिलंत तर निदान तो विचारेल तरी.

आता क्रम. मी असा ठेवतो: किती आणि कुठे, एकमेकांशी मांडणी कशी, मूळ लिजन कोणता, आकारमान आणि आकार, रंग, कड, पृष्ठभाग, हाताला काय लागतं, आणि शेवटी केस, नखं, तोंड. कुठे एखादी पायरी मागेपुढे शिकवतात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तुमच्या सगळ्या नोंदींत क्रम एकच असला की एखादी गोष्ट राहून गेलेली लगेच डोळ्यांत भरते. मात्र लिहिण्याचा क्रम आणि पाहण्याचा क्रम वेगळे आहेत. पाहताना मी मूळ लिजन आधी ठरवतो, कारण बाकीची सगळी विशेषणं त्याच्या अंगावर चढवायची असतात.

मूळ लिजन ठरवताना तुमच्या रुग्णापुरता प्रश्न एकच आहे: सपाट की उंच? रुग्णाला खिडकीजवळ बसवा, टॉर्च आडवा धरून उजेड कडेने पाडा, मग स्वतःचे डोळे मिटून चांगल्या कातडीवरून डागाकडे बोट न्या. कड ओलांडल्याचं बोटाला कळलंच नाही तर तो सपाट: लहान असेल तर मॅक्यूल, मोठा असेल तर पॅच. कळलं, आणि रुंदी १ सेंटिमीटरहून जास्त असली, तर प्लाक. तेवढी किंवा त्याहून कमी रुंदीचा भरीव उठाव म्हणजे पॅप्यूल. ही १ सेंटिमीटरची रेघ त्वचारोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१६ साली सुधारलेल्या शब्दावलीतली आहे. काही पुस्तकांत ती अर्ध्या सेंटिमीटरवर दिसेल. शब्दाच्या शेजारी मोजमाप लिहिलंत की हा घोळ आपोआप मिटतो.

इथे एक जुना सापळा आहे. कुष्ठरोगाच्या कामात 'पॅच' हा शब्द सरसकट वापरतात; सपाट असो वा उंच, सगळा पॅचच. सर्वेक्षणात त्याने काही बिघडत नाही. पण तुमच्या संदर्भपत्रात 'पॅच' वाचल्यावर त्वचेचा डॉक्टर सपाट डागच डोळ्यांसमोर आणणार, आणि त्याच्या शक्यतांची यादी तिथेच बदलणार.

आता 'पांढरा'. पूर्ण पांढरा, खडूसारखा किंवा दुधासारखा डाग डिपिग्मेंटेड. नुसताच आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट असेल तर हायपोपिग्मेंटेड. कोडात पहिला प्रकार असतो. कुष्ठरोग, शिबं, मुलांच्या गालावरचा पिटिरियासिस अल्बा यांत दुसरा. सावळ्या कातडीवर फिकट डागही पांढराफटक भासतो, म्हणून रुग्ण जे म्हणेल ते न लिहिता डागाशेजारी कापसाचा बोळा धरून बघा. कापसाच्या शेजारी बहुतेक 'पांढरे' डाग चक्क गव्हाळ दिसतात. कापूस धरूनही ठरत नसेल तर वूड्स लँपखाली कोडाचा डाग चांगलाच उजळून निघतो.

'लालसर' शब्दाचीही तीच गत. आपल्याकडच्या कातडीवर एरिथेमा पुस्तकातल्या चित्रासारखा लाल दिसत नाही; तो तांबूस, जांभळट, कधी नुसता गडद तपकिरी दिसतो. काचेची स्लाइड दाबून बघा. दाबल्यावर रंग मावळला तर तो रक्तवाहिन्या फुलल्याचा रंग, म्हणजे एरिथेमा. तसाच राहिला तर रक्त वाहिन्यांबाहेर आलेलं असू शकतं, किंवा तो रंगद्रव्याचा रंग असेल. नोंदीत 'तांबूस, दाबल्यावर मावळतो' असं लिहा. नुसत्या 'लालसर'पेक्षा ते कितीतरी उपयोगाचं.

कोंड्याने मला स्वतःला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं आहे. शिकत असताना एका बाईंच्या पाठीवरच्या लिजनचं वर्णन मी मोठ्या रुबाबात 'स्केली प्लाक' असं केलं. आमच्या सरांनी ओला गॉज मागवला, एकदा पुसलं, आणि स्केल निघून गेले. ते वाळलेलं कॅलामाइन लोशन होतं. तेव्हापासून मलम लावून आलेल्या प्रत्येक रुग्णाची कातडी मी आधी पुसतो, दोन मिनिटं वाळू देतो आणि स्लाइडच्या कडेने हलकेच खरवडतो. कोरडे पापुद्रे सुटले तर ते स्केल, म्हणजे कातडीचा सगळ्यात वरचा मेलेला थर. खपली ही वेगळी गोष्ट. ती क्रस्ट, म्हणजे वाळलेला द्रव, पू किंवा रक्त. ती उचलली की खाली ओल सापडते. आणि काहीच सुटलं नाही, कातडी फक्त रखरखीत, निस्तेज लागली, तर 'कोरडा पृष्ठभाग, स्केल नाही' असं लिहायचं. तुमच्या रुग्णात सगळा निकाल याच फरकावर लागण्याची शक्यता आहे, कारण नायट्यात स्केल मिळतात आणि कुष्ठरोगाचा डाग नुसता कोरडा असतो. तिथली घाम येण्याची क्रिया मंदावलेली असते.

तुमच्या नोंदीतला सगळ्यात महागडा शब्द मात्र 'पुरळ'. 'कडेने लालसर पुरळ' वाचून मला तीन वेगळी चित्रं दिसतात.

पहिल्या चित्रात कडेवरच बारीक पॅप्यूल आहेत, मधूनमधून एखादी पाण्याची किंवा पुवाची टिपकी, त्यावर स्केल, आणि मधला भाग बराचसा साफ. ही नायट्याची, म्हणजे टिनियाची, बाहेर सरकत जाणारी कड. दुसऱ्या चित्रात वेगळे पॅप्यूल नाहीतच. एक सलग उंच कड आहे, बशीच्या काठासारखी: बाहेरून ठळक, आतल्या बाजूला हळूहळू उतरत मधल्या सपाट, फिकट भागात मिसळणारी. हे ट्युबरक्युलॉइड बाजूच्या कुष्ठरोगात दिसतं. तिसऱ्या चित्रात कड एखाद्या ठिकाणी पुसट होते आणि तिच्याबाहेर, मध्ये चांगली कातडी सोडून, एखाददुसरा लहान लिजन असतो. तो सॅटेलाइट. मोठ्या प्लाकशेजारी असा सॅटेलाइट आणि थोडी पुसट कड दिसली की बॉर्डरलाइन ट्युबरक्युलॉइड प्रकाराचा विचार करावा लागतो.

तिन्ही चित्रांना 'पुरळ' लावलं की तिन्ही एकच होऊन जातात. म्हणून कडेबद्दल तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: स्पष्ट की पुसट, उंच की सपाट, आणि कडेवर किंवा कडेबाहेर आणखी काय आहे. कड सगळीकडे सारखी नसेल तर कुठे कशी तेही लिहा. जाता जाता, 'पुरळ'चा इंग्रजी भाऊ म्हणजे 'मॅक्युलोपॅप्युलर रॅश'. गोवरासारख्या तापाच्या पुरळात तो ठीक आहे, पण एरवी तो न पाहिल्याची कबुली असते असं माझं मत आहे. तीनच लिजन असलेल्या माणसाला तो शब्द लावूच नका.

आता 'हाताला'. मराठीत हात खांद्यापासून बोटांपर्यंत. बोलायला बरं, नोंदीला निकामी. दंड, फोरआर्म की पंजा. पुढची बाजू की मागची. आणि हाडाच्या एखाद्या खुणेपासून किती अंतरावर, हे लिहा. यात कारकुनी काही नाही. लिजन कुठे आहे त्यावरून कोणती नर्व्ह चाचपायची ते ठरतं. फोरआर्मवर करंगळीच्या बाजूला असेल तर कोपरामागच्या खाचेतली अल्नर, मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूला असेल तर रेडियल क्युटेनियस. दोन्ही बाजूंची नर्व्ह एकाआड एक चाचपा; जाडी तुलनेनेच कळते.

आणि 'एक-दोन' चालणार नाही. शर्ट पूर्ण काढायला लावा, कंबर, नितंब आणि मांड्याही बघा, आणि मोजा. कुष्ठरोग निघाला तर औषधोपचाराचा गट ठरवताना लिजनची संख्या हा एक निकष असतो: पाचपर्यंत एक गट, सहापासून दुसरा. नर्व्ह आणि बॅसिलाय यांचाही विचार होतो, तरी मोजणी पहिली. तुमच्या रुग्णाचे दोन किंवा तीन दिसलेत, पण न पाहिलेल्या नितंबांवर आणखी चार निघाले तर?

आकारमान लिहिताना 'रुपयाएवढा' टाळा. रुपयाचं नाणंच आपल्या देखत लहान झालं आहे. सर्वांत लांब व्यास आणि त्याला काटकोनातला व्यास, सेंटिमीटरमध्ये. लिजन बरेच असतील तर सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा.

संवेदना तपासायचं मात्र घाईने होत नाही. कापसाची वात करा. आधी रुग्णाचे डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर टेकवा आणि स्पर्श झाला त्या जागी एका बोटाने दाखवायला सांगा. समजलं की डोळे मिटायला सांगून डागाच्या मध्यावर, कडेवर आणि बाहेर, क्रम न लावता, नुसतं टेकवा. घासू नका, घासलं की शेजारच्या कातडीलाही कळतं. "कळतंय का?" असं विचारलंत तर भिडस्त माणूस हो म्हणूनच सांगतो, म्हणून बोटाने दाखवणंच बरं. मग दोन परीक्षानळ्यांत गरम आणि थंड पाणी घेऊन तेच. उष्ण-थंडाची जाण स्पर्शाच्या आधी जाऊ शकते. चेहऱ्यावर नर्व्हचं जाळं दाट असल्याने तिथल्या डागात संवेदना शाबूत वाटू शकते, पण तुमच्या रुग्णाचे डाग हातावर आणि पाठीवर आहेत. तिथे चाचणी बऱ्यापैकी बोलते.

माझ्या ओपीडीत तुमच्या नोंदीसारखीच तक्रार घेऊन आलेल्या एका रुग्णाचं वर्णन देतो, म्हणजे क्रम प्रत्यक्षात कसा दिसतो ते कळेल.

"एकूण तीन मोठे लिजन आणि एक सॅटेलाइट. पहिला डाव्या फोरआर्मच्या मागच्या बाजूला, करंगळीकडे, कोपराच्या टोकापासून ४ सेंमी खाली. दुसरा उजव्या खांद्याच्या पात्यावर, तिसरा पाठीच्या खालच्या भागात डावीकडे. असममित, सुटे सुटे. मूळ लिजन: प्लाक. आकारमान ७ × ५, ३ × २ आणि २.५ × २ सेंमी. हातावरचा ॲन्युलर, पाठीवरचे दोन्ही अंडाकृती. मध्यभाग हायपोपिग्मेंटेड, कड तांबूस, दाबल्यावर मावळते. कड उंच, बाहेरून स्पष्ट, आत उतरती. हातावरच्या लिजनच्या खालच्या टोकाला पुसट, आणि तिथून १ सेंमीवर ४ मिमीचा एक पॅप्यूल. पृष्ठभाग कोरडा, केस विरळ, पुसून खरवडल्यावर स्केल नाही. दुखरेपणा नाही. हातावरच्या लिजनच्या मध्यावर हलका स्पर्श व उष्ण-थंड कळत नाही. पाठीवरच्या दोन्हींत कमी कळतं. डावी अल्नर नर्व्ह कोपराजवळ उजवीपेक्षा जाड, दुखरी नाही. करंगळीची ताकद दोन्हीकडे सारखी. नखं, तोंड, तळहात, तळपाय: काही नाही."

यात कुष्ठरोग हा शब्द कुठेही नाही. तरी वाचणाऱ्याला दुसरं काही सुचणं कठीण आहे. निदान खाली वेगळ्या ओळीत, वेगळ्या शीर्षकाखाली लिहायचं. वर्णनातच 'नायट्यासारखा' असं लिहिलंत की पुढचा माणूस, तुमच्यासकट, नायट्याचीच चिन्हं शोधायला लागतो. तुमच्या नोंदीतल्या शेवटच्या शब्दाने 'कोंडा' आणि 'पुरळ' हे शब्द मागे खेचून आणले असतील, अशी मला शंका आहे.

आता तोच माणूस खरोखर नायट्याचा असता तर? मी असं लिहिलं असतं: "दोन लिजन, डाव्या फोरआर्मच्या मागे एक, पाठीवर मध्यरेषेच्या डावीकडे एक. प्लाक, ६ × ५ आणि ४ × ४ सेंमी, ॲन्युलर. मध्यभाग बराचसा साफ, किंचित गडद. कड तांबूस, स्पष्ट, उंच, मधूनमधून तुटलेली, तिच्यावर १ ते २ मिमीचे पॅप्यूल आणि बारीक स्केल. केस शाबूत, संवेदना आजूबाजूसारखीच, नर्व्ह जाड नाहीत. खाजवल्याच्या खुणा आहेत." क्रम तोच, शब्दही बरेचसे तेच. 'प्लाक', 'ॲन्युलर', 'उंच कड' दोन्हीकडे आहेत. वेगळं काय ते पृष्ठभाग आणि स्पर्श या दोन रकान्यांत आहे, आणि तुमच्या मूळ नोंदीत नेमक्या याच दोन रकान्यांत पाहिल्याची खूण नाही.

एक अडचण मात्र वर्णनाने सुटत नाही. 'मलम लावून फरक नाही' यातलं मलम कोणतं? आजकाल दुकानातून स्टेरॉइड आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली ट्यूब आणून महिनोन्‌महिने लावतात. त्याने नायट्याची कड दबते, लालीही जाते, स्केल नाहीसे होतात आणि कातडी फिकट पडू शकते. असा दबलेला नायटा पाहून तुम्ही अगदी मन लावून 'हायपोपिग्मेंटेड, स्केल नाही, कड पुसट' लिहाल, आणि ते खरंही असेल, तरी वाचणारा भलतीकडे जाईल. म्हणून पृष्ठभागाच्या ओळीतच ट्यूबचं नाव, किती दिवस आणि शेवटची कधी लावली ते लिहा. रिकामी ट्यूब घेऊन यायला सांगा. नाव तोंडी सांगताना चुकतं. अशा वेळी कडेवरून खरवड घेऊन केओएच तपासणी करा. ती निगेटिव्ह आली तरी ट्यूब थांबवून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावं लागतं. नायटा असेल तर तोवर तो पुन्हा डोकं वर काढतो. पण या थांबण्यात संवेदनेची चाचणी पुढे ढकलायची नाही, ती आजच करायची. स्टेरॉइडने डाग बधिर होत नाही.

फोटो पाठवणार असाल तर तीन: कोणत्या अवयवावर आहे ते कळेल असा लांबून, शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून जवळून, आणि टॉर्चचा उजेड आडवा पाडून कडेचा. फ्लॅश बंद ठेवा, तो उठाव सपाट करून टाकतो. चेहरा आणि ओळख पटवणारं गोंदण फोटोत घेऊ नका, आणि रुग्णाला विचारूनच काढा.

तुमच्या रुग्णाला शक्य तितक्या लवकर परत बोलवा. शर्ट काढून मोजणी, ओला गॉज, कापसाची वात, दोन परीक्षानळ्या आणि दोन्ही कोपरं चाचपणं, एवढ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतील. डाग बधिर निघाला किंवा नर्व्ह जाड लागली तर केओएचच्या उत्तरासाठी न थांबता पाठवा, आणि नोंदीची पहिली ओळ त्यापासूनच सुरू करा. तेवढ्यापुरता क्रम मोडला तरी चालेल.